‘बारा बोअर’मधले बारा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)



माझं लहानपण येवल्यात गेलं. तिथल्या एका बँकेच्या दारात स्टुलावर एक रखवालदार बसलेला असे. मांडीवर आडवी दुनळी बंदूक, छातीवर काडतुसांचा पट्टा आणि चेहऱ्यावर जगाकडे बघण्याची एक कंटाळलेली नजर. वडील पैसे भरायला आत गेले की मी त्या बंदुकीकडे टक लावून बघत बाहेर उभा राहत असे. एक दिवस धीर करून विचारलं, “काका, ही कुठली बंदूक?” ते म्हणाले, “बारा बोअर.” मी विचारलं, “बारा म्हणजे काय?” त्यांनी क्षणभर विचार केला आणि सांगितलं, “बारा म्हणजे बारा. सगळ्यांची बाराच असते.”

त्या उत्तरानं माझं काही समाधान झालं नाही. पण पुढं मी ज्यांना ज्यांना हा प्रश्न विचारला, त्यांची उत्तरं ऐकून रखवालदारकाकांचं उत्तर त्यातल्या त्यात प्रामाणिक होतं असं म्हणावं लागतं. कुणी सांगितलं की बारा काडतुसं बसतात. दुनळीत तर दोनच बसतात. कुणी सांगितलं की नळी बारा मिलिमीटर रुंद असते. तीही गोष्ट खरी नाही. नळीत अंगठा सहज जाईल एवढी ती रुंद असते. कुणी म्हणालं, काडतुसात बारा छरे असतात. काही काडतुसांत कमी असतात, काहींत तीनशेसुद्धा असतात. मग हे बारा आले कुठून?

उत्तर किराणा दुकानात सापडतं. काजू घ्यायला गेलात की दुकानदार विचारतो, “दोनशे चाळीसचा देऊ की तीनशे वीसचा?” आपण भाव विचारतो आणि चकित होतो, कारण दोनशे चाळीसचा काजू महाग आणि तीनशे वीसचा स्वस्त. आकडा लहान, दाणा मोठा. कारण हा आकडा दाण्याचं माप सांगत नाही. एका पौंडात, म्हणजे आपल्या आजोबांच्या भाषेत एका रत्तलात, साधारण किती दाणे बसतात ते तो सांगतो. दाणा मोठा असेल तर कमी बसतील, बारीक असेल तर जास्त. कोकणातल्या काजूच्या कारखान्यांत आजही अशीच प्रतवारी चालते.

बंदुकीचे बारा हे याच जातीचे आहेत. एक पौंड शुद्ध शिसं घ्या. त्याच्या अगदी सारख्या बारा गोल गोळ्या ओता. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी, ना सैल ना घट्ट, बसेल ती नळी बारा बोअरची. सोळा गोळ्या ओतल्या तर प्रत्येक गोळी लहान होणार, म्हणून सोळा बोअरची नळी बारापेक्षा अरुंद. वीस बोअरची त्याहून अरुंद. दहाची मात्र बारापेक्षा रुंद. इंग्रजीत यालाच गेज म्हणतात, बोअरही म्हणतात. आपल्याकडे बोअर रुळला.

मी पुढे शाळेत भौतिकशास्त्र शिकवीत असे, त्यामुळे एवढ्यावर थांबणं मला जमत नाही. तुम्हीही कागद-पेन्सिल घ्या, हिशेब सोपा आहे. एक पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम. शिशाची घनता ११.३४, म्हणजे एक घन सेंटिमीटर शिशाचं वजन ११.३४ ग्रॅम. भागाकार करा. उत्तर बरोबर ४० येतं. एक पौंड शिसं म्हणजे ४० घन सेंटिमीटर. निसर्गानं आणि इंग्रजांनी मिळून शिक्षकांवर केलेली ही एक मेहेरबानीच म्हणायची, कारण पुढचा सगळा हिशेब त्यामुळं सोपा होतो. ४० चे बारा भाग केले की प्रत्येक गोळीचं आकारमान सव्वातीनपेक्षा थोडं जास्त, ३.३३ घन सेंटिमीटर. एवढ्या आकारमानाच्या गोलाचा व्यास काढला तर तो साडेअठरा मिलिमीटर येतो. इंचात .७२९. हीच बारा बोअरच्या नळीची रुंदी. वीस बोअरसाठी ४० चे वीस भाग, प्रत्येकी दोन घन सेंटिमीटर, आणि व्यास १५.६ मिलिमीटर.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आकडा बारावरून वीसवर गेला, जवळजवळ पावणेदोनपट झाला. पण रुंदी फक्त तीन मिलिमीटरनं कमी झाली. कारण आकडा मोजतो आकारमान, आणि नळीची रुंदी त्याच्या घनमुळाप्रमाणं बदलते. रुंदी निम्मी करायची असेल तर गोळ्यांची संख्या आठपट करावी लागेल. या तीन मिलिमीटरची गोष्ट मी शेवटी सांगणार आहे, कारण त्यात माणसाच्या हाताची बोटं गुंतलेली आहेत.

पण आधी हे की, असं उलटं माप कुणाला सुचलं असेल? सरळ पट्टी लावून मोजायला काय झालं होतं? झालं असं होतं की नळीच्या आतला व्यास अचूक मोजण्याची साधनं सोळाव्या-सतराव्या शतकातल्या लोहाराकडं नव्हती. तराजू मात्र प्रत्येक गावात होता. तोफांची नावं तर गोळ्याच्या वजनावरूनच पडत. सहा पौंडी तोफ म्हणजे सहा पौंडांचा लोखंडी गोळा फेकणारी तोफ, बारा पौंडी म्हणजे बारा पौंडांचा. हातातल्या बंदुकीची गोळी पौंडाहून फार हलकी. तिचं वजन ‘एक द्वादशांश पौंड’ असं सांगण्यापेक्षा ‘पौंडाला बारा’ म्हणणं सोपं. शिवाय त्या काळी शिपाई काय किंवा शिकारी काय, शिसं पौंडानं विकत घेई आणि साच्यात गोळ्या स्वतः ओती. पौंडाला बारा म्हटलं की एका पौंडात बारा बार निघणार हा हिशेबही त्याच शब्दात आला. माप आणि खर्च दोन्ही एकाच आकड्यात. दोन्ही गोष्टी पाहिल्या तर ही पद्धत काही वेडगळ नव्हती.

पुढं १८६८ साली इंग्लंडमध्ये बंदुकीच्या नळ्यांच्या चाचणीचा कायदा झाला आणि त्यात प्रत्येक आकड्यापुढं इंचातली रुंदी छापली गेली. बारापुढं .७२९, सोळापुढं .६६२, वीसपुढं .६१५. तेव्हापासून गोळ्या ओतून बघायची गरज उरली नाही. नाव तेवढं राहिलं. आज तर पक्ष्यांसाठी पाश्चात्त्य देशांत पोलादी छऱ्यांची काडतुसंही निघाली आहेत. त्यांत शिशाचा कण नसतो, तरी तीही ‘बारा’च म्हणवतात.

हे सगळं पुस्तकात वाचून झाल्यावर मला ते प्रत्यक्ष मोजून बघायची हुक्की आली. माझ्या मामांकडं शेतराखणीच्या परवान्यावरची एक जुनी विलायती दुनळी होती. सुट्टीत जाताना मी शाळेतला व्हर्नियर कॅलिपर बरोबर घेऊन गेलो. मामांनी बंदूक उघडून, नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करून माझ्यापुढं ठेवली. मी नळीच्या तोंडाशी मोठ्या ऐटीत व्हर्नियरचे आतले जबडे लावले. उजव्या नळीचं माप आलं १८.३ मिलिमीटर. ठीक. डाव्या नळीचं आलं १७.५. मी हिशेब केला. साडेसतरा मिलिमीटरच्या गोळीचं आकारमान २.८ घन सेंटिमीटर. ४० भागिले २.८, म्हणजे चौदा. मी मामांना जाहीर केलं, “मामा, तुमची एक नळी बाराची आणि एक चौदाची आहे. तुम्हाला फसवलंय.”

मामा हसले. म्हणाले, “मास्तर, नदी मोजायची तर पाट मोजू नये.” मग त्यांनी समजावलं. छऱ्यांच्या बंदुकीची नळी तोंडाशी मुद्दाम थोडी आवळलेली असते. तिला चोक म्हणतात. पाण्याच्या नळीचं तोंड बोटानं दाबलं की धार लांब आणि एकत्र जाते, तसे छरे लांबवर एकत्र राहतात. दुनळीत सहसा एका नळीला कमी चोक, जवळच्या नेमासाठी. दुसरीला जास्त, लांबच्यासाठी. पूर्ण चोक म्हणजे सुमारे एक मिलिमीटरचा आवळा. साडेअठरातून एक वजा केला की माझे साडेसतरा. बोअर मोजायचा तो मधल्या सरळ भागात. इंग्लंडच्या चाचणीघरात तो काडतुसाच्या बाजूनं नऊ इंच आत मोजत. माझा व्हर्नियर तिथवर पोचण्यासारखा नव्हताच.

मग मामांनी नळ्या उलट्या करून खालची बाजू दाखवली. तिथं बारीक ठसे होते. एक चौकट, टोकावर उभी केलेली, शंकरपाळ्यासारखी. तिच्यात १२ चा आकडा आणि त्याखाली एक अक्षर. तो ठसा काडतुसाच्या घराचा, म्हणजे बारा बोअरचंच काडतूस घालायचं. जुन्या विलायती बंदुकांवर नळीच्या नेमक्या रुंदीचाही ठसा असतो. बारा हे ठरलेलं नाव खरं, पण कारागिराच्या हातून नळी एखादा केस रुंद किंवा अरुंद होणारच. मग .७४० इंच असेल तर १२/१ असा ठसा, .७१९ असेल तर १३/१. जुनी बंदूक विकत घेणारे हा ठसा आधी बघत आणि मग आतून स्वतः मोजत. नळी घासून-पुसून, गंज काढून काढून रुंद झाली असेल तर ठशातलं माप आणि हातातलं माप जुळत नाही. जेवढं अंतर जास्त तेवढी नळीची भिंत पातळ झालेली. अशी बंदूक भिंतीवर टांगायला ठीक.

आता आमच्या येवल्याकडं परत येतो, कारण या उलट्या मापाची गंमत येवल्यात लहानपणापासून कळते. आमच्या गल्लीत घरोघर माग होते. पैठणीचं रेशीम येई त्याचा बारीकपणा डेनियरमध्ये सांगत. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितके डेनियर. वीस-बावीस डेनियर म्हणजे बारीक, चाळीस म्हणजे जाड. आकडा वाढला की धागा जाड. हे सरळ. पण शेजारच्या मालेगावात सुती मागावर गेलात की सगळं उलटं. तिथं सुताचा ‘नंबर’ चालतो. ८४० वार सुताची एक लड. एका पौंडात अशा किती लडी बसतात, तो नंबर. वीस नंबरचं सूत जाडंभरडं, ऐंशी नंबरचं तलम. येवल्याचा मुलगा मालेगावात कामाला लागला की पहिला आठवडा त्याची थट्टा व्हायची, ती याच कारणानं.

बंदुकांच्या जगात नेमकी हीच दोन घराणी आहेत. गेज किंवा बोअर हे सुताच्या नंबरासारखं, पौंडात किती बसतात ते सांगणारं. कॅलिबर हे डेनियरसारखं, सरळ चालणारं. त्यात आकडा वाढला की नळी रुंद. .२२ म्हणजे इंचाचे बावीस शतांश, .३०३ म्हणजे इंचाचे तीनशे तीन सहस्रांश, ९ एमएम म्हणजे नऊ मिलिमीटर. कॅलिबर हा शब्द ‘कालिब’ म्हणजे साचा, या अरबी शब्दावरून आला असं मानतात.

मग दोन पद्धती का झाल्या? एकाच घरात दोन चुली कशा मांडल्या गेल्या? याचं उत्तर १८५७ च्या बंदुकीत आहे, आणि १८५७ म्हटलं की येवलेकराला तात्या टोपे आठवणारच. तात्यांचा जन्म १८१४ चा, येवल्याचा. ते ज्या शिपायांना घेऊन लढले, त्यांतल्या बहुतेकांच्या हाती कंपनी सरकारची जुनी ठासणीची मस्केट होती. तिची नळी गुळगुळीत, पाऊण इंच रुंद, म्हणजे १९ मिलिमीटर. बोअरच्या हिशेबानं ती अकराची. पण तिच्यात घालायची गोळी मुद्दाम बारीक, साडेसतरा मिलिमीटरची, पौंडाला साधारण चौदा. कारण दोन-चार बार काढले की नळीत दारूची काजळी साचते आणि नेमकी बसणारी गोळी लढाईच्या घाईत आत ठासता येत नाही. म्हणजे इथंच पहिली तडजोड झाली होती. नळी अकराची, गोळी चौदाची. त्या गोळीचं वजन सुमारे ३२ ग्रॅम.

त्याच सुमारास कंपनीनं नवी एनफिल्ड रायफल आणली. १८५३ सालचा नमुना. हिचंच ते चरबीचं काडतूस, ज्यावरून वणवा पेटला. तिच्या नळीत आटे होते आणि नळी अरुंद, .५७७ इंच, म्हणजे साडेचौदा मिलिमीटरहून किंचित जास्त. बोअरच्या कोष्टकात बघितलं तर ती चोवीसच्या जवळ बसते. पौंडाला चोवीस म्हणजे गोळीचं वजन १९ ग्रॅम यायला हवं. प्रत्यक्षात एनफिल्डच्या गोळीचं वजन होतं ३४ ग्रॅम. जुन्या मस्केटच्या गोळीपेक्षाही थोडं जास्तच!

हे कसं? कारण ती गोळी गोल नव्हती. लांबट होती, पुढून निमुळती, मागून पोकळ. आटे असलेल्या नळीत ती फिरत जाते, त्यामुळं भोवऱ्यासारखी स्थिर राहते, कोलांट्या खात नाही. म्हणून रुंदी कमी ठेवून लांबी वाढवता आली, आणि वजन तेवढंच राहूनही गोळी कितीतरी लांब आणि नेमकी जाऊ लागली. गोल गोळीचं एक बरं होतं, वजन सांगितलं की रुंदी आपोआप कळायची, कारण गोलाला दुसरं मापच नसतं. लांबट गोळीनं हे नातं तोडलं. एनफिल्डला वजनावरून नाव द्यायचं तर ‘पौंडाला तेरा’ म्हणावं लागलं असतं, आणि नळीवरून द्यायचं तर ‘चोवीस’. एकाच बंदुकीला दोन नावं, आणि दोन्हींतून निम्मीच माहिती. तेव्हा रायफलवाल्यांनी पौंडाचा नाद सोडला आणि नळीची रुंदी इंचात सांगायला सुरुवात केली. छऱ्यांची बंदूक मात्र गुळगुळीत नळीचीच राहिली. तिच्यात आता एकच गोल गोळी जात नसली तरी तिचं जुनं नाव कुणी बदललं नाही.

कॅलिबर सरळ आहे म्हणून ते अगदी खरं बोलतं, असं मात्र समजू नका. .३०३ रायफलचंच घ्या. .३०३ इंच ही नळीतल्या आट्यांच्या उंचवट्यांपासून उंचवट्यांपर्यंतची रुंदी. गोळी आट्यांच्या खाचांत दाबून बसायची असते, म्हणून ती थोडी जाड, .३११ इंचाच्या आसपास असते. काही नावं उंचवट्यांवरून पडली, काही खाचांवरून, काही जुन्या काडतुसाच्या आठवणीनं. .३८ स्पेशल नावाच्या रिव्हॉल्व्हरची गोळी प्रत्यक्षात .३५७ इंचाची असते. त्यामुळं नावावरून गोळी विकत घेऊ नये, काडतुसाच्या बुडाशी कोरलेलं पूर्ण नाव आणि नळीवरचा ठसा जुळवून घ्यावी, हे मामांचं सांगणं.

तोफखान्यात तर याच शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला आहे. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या देवळालीला २०१८ साली के-९ वज्र ही तोफ सैन्यात दाखल झाली, तेव्हा वर्तमानपत्रांत ‘१५५ मिमी, ५२ कॅलिबर’ असं छापून आलं होतं. तिथं १५५ ही नळीची रुंदी आणि ५२ ही लांबी. नळी तिच्या रुंदीच्या बावन्न पट लांब. गुणाकार केला की आठ मीटर. बोफोर्स ३९ कॅलिबरची, म्हणजे सहा मीटर. हे फक्त जाता जाता.

आपल्याकडचा खरा गोंधळ आहे तो एका टिंबाचा. आपण सरसकट सगळ्यालाच बोअर म्हणतो. बारा बोअर हा गेज आहे, पण ‘.३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर’, ‘.३१५ बोअरची रायफल’ ही कॅलिबरं आहेत, इंचातली. बातमीत छापताना सुरुवातीचं टिंब गळतं आणि ‘३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर जप्त’ असं येतं. आता पौंडाला बत्तीस या हिशेबानं बघितलं तर नळी साडेतेरा मिलिमीटरच्या जवळ जाते, आणि खरी असते आठ. एका टिंबात साडेपाच मिलिमीटर! आणि अपवाद म्हणून एक .४१० आहे. ही छऱ्यांची बंदूक, म्हणून लोकांना वाटतं की इथंही पौंडाचाच हिशेब असणार. नाही. छऱ्यांच्या बंदुकांत ही एक कॅलिबरानं ओळखली जाते, .४१ इंच. पौंडाचा हिशेब लावला तर ती सदुसष्ट बोअर ठरेल. आपल्याकडं पोलिसांसाठी जुन्या .३०३ च्या घडणीवर इच्छापूरला .४१० च्या मस्केटी तयार केल्या गेल्या. शिपाई तिला ‘फोर टेन’ म्हणत. टिंब बोलण्यात येत नाहीच.

भांड्यांच्या दुकानात ‘अठरा गेजचं पातेलं’ मिळतं, पत्र्याच्या दुकानात ‘बावीस गेजचा पत्रा’. तिथंही आकडा वाढला की पत्रा पातळ. पण तो गेज वेगळा, त्याचा शिशाच्या गोळ्यांशी संबंध नाही. उगाच मामेभाऊ समजू नये.

आता ते तीन मिलिमीटर. माझ्या परिचयाच्या एका घरात दोन बंदुका होत्या. आजोबांची बाराची आणि काकांची, हलकी म्हणून घेतलेली, वीसची. काडतुसं एकाच कपाटात, जुनी, कागदी नळकांड्यांची, रंग उडालेली. एका संध्याकाळी शेतात रानडुकरं आली. घरातला तरुण मुलगा बाराची बंदूक घेऊन धावला आणि अंधारात मूठभर काडतुसं खिशात टाकली. त्यांत एक वीसचं होतं.

वीसचं काडतूस बाराच्या नळीत टाकलं की काय होतं? बाराच्या काडतुसाचं घर आतून सुमारे साडेवीस मिलिमीटर रुंद असतं. वीसच्या काडतुसाच्या बुडाची कड साडेएकोणीसला थोडी कमी. म्हणजे ते घरात अडकत नाही, घरंगळत पुढं जातं. घर संपून खरी नळी सुरू होते तिथं रुंदी साडेअठरावर येते, मधे एक छोटी उतार असते. साडेएकोणीसची कड तिथं अडकते. काडतूस आता दिसेनासं झालेलं असतं. चाप ओढला तर खट्ट असा नुसता आवाज येतो, कारण पिनेला आपटायला काहीच नाही. माणूस बंदूक उघडतो, घर रिकामं दिसतं. त्याला वाटतं घाईत भरायचंच राहिलं. तो दुसरं काडतूस घालतो, आणि हे बाराचं असेल तर ते अगदी व्यवस्थित बसतं. पुढं बूच मारलेल्या नळीत मागून बार उडतो. पुढच्या काडतुसाची दारूही त्यातच पेटू शकते. नळी फुटते ती नेमकी तिथं, जिथं बंदूक पेलणारा डावा हात असतो.

दहाचं काडतूस बारात जातच नाही. म्हणजे चूक वरच्या दिशेनं झाली तर बंदूक स्वतःच नकार देते. खालच्या दिशेनं झाली तर गुपचूप स्वीकारते. आणि उलटा आकडा इथंच दगा देतो. वीस हे बारापेक्षा मोठं, मोठं कसं आत घसरेल, असंच मन म्हणतं. या धोक्यासाठीच अलीकडं बहुतेक कारखाने वीसची काडतुसं पिवळ्या रंगाची काढतात आणि बाराला तो रंग देत नाहीत. पण जुन्या कागदी काडतुसांना हा नियम लागू नाही, आणि अंधारात रंग दिसत नाही.

त्या मुलाचं नशीब असं की आजोबा मागोमाग बॅटरी घेऊन आले होते. खट्ट आवाज त्यांनी ऐकला. मुलगा खिशात हात घालत होता, तेवढ्यात त्यांनी त्याचं मनगट धरलं, बंदूक उघडून हातात घेतली आणि एका टोकाशी बॅटरी धरून दुसऱ्या टोकानं नळीत बघितलं. उजव्या नळीतून उजेडाचा गोल वाटोळा ठिपका आला. डावीतून काहीच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातली सगळी वीसची काडतुसं जुन्या पितळी डब्यात भरली, डब्याला पिवळ्या रेशमाची गाठ मारली आणि तो वेगळ्या खोलीत ठेवला.